आपला लेख वाचला, फार आवडला

डिसेंबरातल्या एका सकाळी मला एका अनोळखी गृहस्थांचा मेल आला. 'महोदय, आपला "थंडी कुणाला लागते?" हा लेख वाचला. फार आवडला. हिवाळ्यात आरोग्याची काळजी कशी घ्यावी, हे आपण इतक्या सोप्या शब्दांत सांगितलंत, त्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन!' पुढे दोन ओळी मोकळ्या सोडून लोकरी स्वेटरांचं दरपत्रक होतं. बारा नग घेतल्यास एक मफलर मोफत.

माझा लेख द्राक्षांवर होता.

म्हणजे थंडी लागते ती शीतगृहातल्या हवेला की मण्याच्या गराला, आणि थर्मामीटर नेमका कुठे लावायचा, असा तो विषय होता. एका शेतीविषयक मासिकानं तो छापला होता. आयुष्यात छापून आलेला माझा हा एकमेव लेख. अंकाच्या पाच प्रती विकत घेऊन मी नातेवाइकांत वाटल्या होत्या आणि त्यातल्या तीन परत आल्या होत्या. अशा माणसाला 'फार आवडला' हे दोन शब्द दिसल्यावर काय होतं, ते कुणीही ओळखेल. मी बायकोला हाक मारली आणि मेल मोठ्यानं वाचायला घेतला. 'हिवाळ्यात आरोग्याची' इथे पोचल्यावर माझा आवाज खाली गेला. ती कणीक मळत होती. मळता मळताच म्हणाली, "एक वाचक मिळाला, आणि तोही न वाचलेला."

मला संताप आला. शीर्षकावरून लेखाची पारख करणाऱ्या या माणसाला चार शब्द सुनवावेत, म्हणून मी उत्तर लिहायला बसलो. तेवढ्यात शेजारच्या खिडकीत माझीच आदल्या दुपारची पाठवलेली पत्रं दिसली. एकूण अकरा. प्रत्येकाची सुरुवात 'आपला लेख वाचला. फार आवडला.' अशी.

इथे आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं. मी आणि माझा भागीदार मिळून तापमान मोजायची यंत्रं बनवतो. स्टीलची एक बारीक सुई, तिच्या टोकाला सेन्सर, मागे वायर आणि शेवटी एक डबी. सुई मण्यात खुपसायची, डबी दर पाच मिनिटांनी आकडा टिपते. भागीदार डाग द्यायचं काम करतो आणि मी बोलायचं. गिऱ्हाईक म्हणजे निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यातली निर्यातीची पॅकहाऊसं आणि शीतगृहं. ही मंडळी हंगामात फोन उचलत नाहीत आणि हंगाम नसताना फोन उचलून 'हंगामात बघू' म्हणतात. म्हणून मेल. त्यातले काही जण मासिकांत, पुरवण्यांत लिहितात. त्यांना गाठायला सोपं, कारण सुरुवात कशी करायची हा प्रश्नच नसतो. लेख आहे, लेखाची स्तुती करा, खाली सुई टेकवा.

यासाठी मी एक साचा करून ठेवला होता. 'आपला (लेखाचे नाव) हा लेख वाचला. फार आवडला. आपले विचार अत्यंत प्रेरणादायी आहेत.' एकदा घाईत कंसातला मजकूर बदलायचा राहिला आणि नाशिकच्या एका मोठ्या निर्यातदाराला 'आपला लेखाचे नाव हा लेख वाचला' असं पत्र गेलं. त्याचं दहा मिनिटांत उत्तर आलं, 'धन्यवाद.' त्या वर्षात साच्यातल्या पत्राला आलेलं हे एकमेव उत्तर. मी बरेच दिवस ते यश समजत होतो. मी त्यांचा लेख वाचला नव्हता आणि त्यांनी माझं पत्र वाचलं नव्हतं. दोघांची फिटंफाट झाली होती.

आमच्या आजोबांच्या काळी पत्राच्या माथ्यावर 'सा.न.वि.वि.' लिहायचे. साष्टांग नमस्कार विनंती विशेष. लिहिणारा खाटेवर तक्क्याला टेकून बसलेला असे, साष्टांगाचा काही संबंध नसे आणि वाचणाराही ती अक्षरं ओलांडून थेट 'विशेष'पाशी उतरत असे. कुणी कुणाला फसवत नव्हतं. 'लेख फार आवडला' हे आजचं सा.न.वि.वि. आहे. फरक इतकाच की आजोबांना आपण साष्टांग घातलेला नाही हे पक्कं ठाऊक होतं. मला मात्र वाटत होतं की समोरचा माझ्या नमस्कारानं विरघळतोय.

स्वेटरवाल्यानं मला टेबलाच्या पलीकडे नेऊन बसवलं, एवढे त्याचे उपकार. लेख लिहिलेल्या माणसाला काय हवं असतं, ते मला आता आतून कळत होतं. माझ्या लेखातला एक परिच्छेद संपादकांनी जागेअभावी कापला होता आणि एका आकड्याबद्दल मला स्वतःलाच धाकधूक होती. लेख छापून आल्यापासून मी त्या दोनच गोष्टींचा विचार करत होतो. स्तुती करणारा या दोन्हींच्या आसपासही फिरकला नव्हता. त्याऐवजी कुणी लिहिलं असतं, 'तुमच्या त्या आकड्याबद्दल विचारायचं होतं', तर तो स्वेटर विकतोय की विमा, हे मी पाहिलंसुद्धा नसतं. रात्री अकरा वाजता उत्तर लिहायला बसलो असतो.

तेव्हा ठरलं. यापुढे स्तुती बंद, अभिप्राय सुरू.

पहिल्याच घासाला खडा लागला. सांगलीकडच्या एका शीतगृहमालकांनी बेदाण्याच्या साठवणीवर लिहिलेला लेख मी अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यात एका ठिकाणी आर्द्रतेचा आकडा टक्क्यांऐवजी अंशांत छापला होता. मला गुप्तधन सापडल्याचा आनंद झाला. मी विषयाच्या जागी लिहिलं, 'आपल्या लेखातील एका गंभीर चुकीबाबत', आणि खाली आर्द्रता म्हणजे काय, ती टक्क्यांत का मोजतात, हे दीड पानभर समजावलं. शेवटी सुई.

त्यांचा फोन आला. फोन! मी उभाच राहिलो.

"ती चूक छापखान्याची आहे," ते म्हणाले. "तुम्ही कोण? मास्तर?"

"नाही, आम्ही तापमान मोजायची…"

"मग तापमानाचं बोला की. माझी कसली परीक्षा घेताय?"

त्यांचं बरोबर होतं. मी लेख वाचला होता हे सिद्ध झालं होतं, पण त्यातून त्यांच्या हाती काय पडलं? लाल शाईची एक खूण. छापखान्याच्या चुकीनं त्यांच्या बेदाण्याचा एक दाणाही खराब होणार नव्हता. जाणकार अभिप्राय आणि चूक दाखवणं यांची गल्लत सगळ्यांचीच होते. विशेषतः आम्हा पुण्याच्या लोकांची, कारण आमच्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे, 'बोलणं'.

दुसरा खडा वेगळ्या जातीचा होता. एका संस्थेच्या अध्यक्षांच्या नावानं आलेला लेख फारच अभ्यासपूर्ण होता, म्हणून मीही अभ्यासपूर्ण शंका विचारली. भेटीचं बोलावणं आलं. मी गेलो, चहा आला, मी शंकेला हात घातला. अध्यक्ष प्रेमळपणे म्हणाले, "कुठला लेख?" त्यांच्या खुर्चीमागे उभा असलेला तरुण व्यवस्थापक कानापर्यंत लाल झाला. लेख कुणी लिहिलाय ते सगळ्या खोलीला कळलं, फक्त अध्यक्षांना सोडून. तो व्यवस्थापक मला नंतर कधीच भेटला नाही. मीही त्याच्या जागी असतो तर भेटलो नसतो. तेव्हापासून मोठ्या नावाच्या लेखाखाली 'शब्दांकन' दिसतंय का, हे मी आधी बघतो. ते नसलं आणि भाषा फार सफाईदार असली, तर पत्र अशा बेतानं लिहितो की ते खाली ढकललं गेलं तरी कुणाचे कान लाल होऊ नयेत.

आता नानांची गोष्ट. ते पिंपळगावच्या बाजूचे निर्यातदार. नाव वेगळं आहे, आपण नाना म्हणू. जानेवारीत त्यांचा तीन पानी लेख आला, द्राक्षाची काढणी ते कंटेनर असा सगळा प्रवास सांगणारा. मी तो पहिल्यांदा सरळ वाचला आणि दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. स्तुतीच्या साच्याला मला चार मिनिटं लागत. या वाचनाला पाऊण तास लागला. भागीदारानं दोनदा डोकावून 'काम चालू आहे का?' असं विचारलं.

पाचव्या परिच्छेदात एक साधं वाक्य होतं: 'प्रीकूलिंगमध्ये सहा तासांत माल चार अंशांवर येतो.' पेन्सिल तिथे अडली. त्यापुढे दोन परिच्छेद सोडून, आठव्यात, नाना दुसऱ्याच कशाबद्दल तक्रार करत होते. युरोपात पोचलेल्या मालापैकी काही खोक्यांत देठाजवळचे मणी पांढुरके पडलेले निघाले. सगळ्या नाही, प्रत्येक पॅलेटमधल्या काहीच खोक्यांत. त्यांचा राग खोक्यात घालायच्या ग्रेपगार्डवर होता. हा सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद असतो, त्यानं बुरशी धरत नाही. कागदाची खेप खराब आली असणार, असं त्यांचं म्हणणं.

मला या दोन परिच्छेदांची आपसात सोयरीक दिसली. ते लग्न जमवायचा मोह आवरेना.

झालं असं असावं. प्रीकूलिंगच्या खोलीत खोक्यांच्या दोन भिंती रचतात, मधे बोळ ठेवतात, वरून ताडपत्री टाकतात आणि बोळाच्या टोकाला पंखा लावतात. पंखा बोळातली हवा ओढतो, म्हणून खोलीतली थंड हवा बाहेरच्या बाजूनं खोक्यांच्या भोकांतून शिरते आणि द्राक्षांची ऊब घेत बोळात येते. कुणालाही वाटेल की पंख्याच्या बोळाकडची खोकी सर्वांत आधी निवत असतील. असतं उलट. बाहेरच्या रांगेला ताजी थंड हवा मिळते आणि बोळाकडच्या रांगेला पहिल्यांनी वापरून कोमट केलेली. एकत्र कुटुंबात शेवटी आंघोळ करणाऱ्याला जसं पाणी मिळायचं तसं, फक्त इथे तक्रार उलटी.

आणि सुई कुठे खुपसतात? हात पोचतो तिथे. म्हणजे बाहेरच्या रांगेत, छातीच्या उंचीवर.

निवण्याचं गणित सोपं आहे. गरम माल आणि थंड हवा यांच्यातला फरक निम्मा व्हायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच वेळ उरलेला फरक पुन्हा निम्मा व्हायला लागतो. सकाळी तोडलेलं द्राक्ष अठ्ठावीस अंशांवर आत गेलं आणि हवा शून्यावर असली, तर पहिल्या टप्प्यात १४, दुसऱ्यात ७, तिसऱ्यात साडेतीन. बाहेरच्या खोक्याला एका टप्प्याला दोन तास लागत असतील, तर सहा तासांत ते साडेतीनवर येतं. म्हणजे नानांचं वाक्य खरं! पण बोळाकडच्या खोक्याला टप्प्यामागे तीन तास लागले, तर त्याच सहा तासांत ते सातावरच असतं आणि त्याला अजून तीन तास हवे असतात.

तेवढ्यात सुईनं चार दाखवलेले असतात, म्हणून पंखा बंद होतो. सगळ्या खोक्यांत कागद ठेवून प्लॅस्टिकचं अस्तर मिटतात आणि माल शून्य अंशाच्या खोलीत जातो. सातावरचं द्राक्ष अस्तरात मिटलं की त्याची वाफ थंड प्लॅस्टिकवर आतून थेंब धरते. ग्रेपगार्ड ओलाव्यानंच जागा होतो. थोडा ओलावा असेल तर थोडा वायू हळूहळू सोडतो. थेंब पडू लागले तर सगळा साठा भडाभडा उधळतो आणि मण्याची साल जिथे नाजूक, म्हणजे देठाजवळ, तिथे रंग उडतो. हे दिसतं तीन-चार आठवड्यांनी, परदेशात खोकं उघडल्यावर. तोवर शेतकरी, जहाज आणि कागदवाला असे तीन आरोपी तयार असतात. चौथा आरोपी, म्हणजे बोळाकडची रांग, कुणाला आठवत नाही.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणून ते सगळं पत्रात लिहायचा मोह झाला. पहिला मसुदा सव्वा पानाचा झाला. वाचून पाहिला, तर मास्तर परत आले होते. दुसऱ्यात मी फार नम्र झालो आणि तिसऱ्या ओळीत 'आपला लेख अतिशय' हे शब्द आपोआप उमटले. सवय वाईट. शेवटी मी एक कसोटी लावली. नाव बदलून हेच वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? 'लेख अभ्यासपूर्ण आहे' हे येईल. 'शीतसाखळीचं महत्त्व आपण अधोरेखित केलंत' हेही येईल, आइस्क्रीमवाल्यालासुद्धा. जे वाक्य नानांखेरीज कुणालाच पाठवता येत नव्हतं, तेवढं ठेवलं.

पहिल्या आठ-दहा शब्दांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. मोबाइलवर मेल उघडायच्या आधी तेवढेच दिसतात. माझी पूर्वीची पत्रं तिथे 'नमस्कार, आमची कंपनी गेली बारा वर्षे' असं म्हणत उभी असायची, दारात गळपट्टा घालून उभ्या असलेल्या विक्रेत्यासारखी. नानांना गेलेलं पत्र असं:

'सप्रेम नमस्कार. सहा तासांत माल चार अंशांवर येतो, हा आकडा कुठल्या रांगेतल्या खोक्याचा? पाचव्या परिच्छेदात तो वाचला आणि आठव्यात पांढुरक्या मण्यांबद्दल वाचल्यावर शंका आली, की ती खोकी बोळाकडच्या रांगेतली तर नसतील? ती निवायला उशीर होतो. सातेक अंशांवर अस्तर मिटलं गेलं, तर आत थेंब धरून कागद एकदम उधळू शकतो. माझा अंदाज चुकीचाही असेल, पॅलेटमधल्या खोक्यांच्या जागा आपल्यालाच ठाऊक. आम्ही मण्यात खुपसायच्या सुया बनवतो, म्हणून या जागी नजर अडली.'

खाली सही. बस.

भागीदारानं वाचलं आणि विचारलं, "दरपत्रक?"

"नाही."

"फोटो? सुईचा?"

"नाही."

"मग हे पत्र आहे कशाचं? त्यांच्या मुलीचं परवा पदवीदान झालंय, फोटो टाकलाय त्यांनी. निदान तिचं अभिनंदन तरी कर."

ते मी केलं नाही. लेख त्यांनी चारचौघांनी वाचावा म्हणून छापला होता, मुलगी नव्हे. सुई विकणारा अनोळखी माणूस आपल्या घरातल्या पोरीचं नाव घेतोय, हे दिसलं की बाप दार लावतो. शेवटची ओळ मात्र मी मुद्दाम ठेवली होती. आपण काय विकतो ते लपवून शंका विचारली, तर नंतर ती शंका म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ ठरते. आणि ती ओळ ठेवायची, तर शंकेचा आणि सुईचा खरोखर संबंध असावा लागतो. उद्या मी याच लेखावर इतकीच जाणकार शंका काढून खाली प्लॉट विकायला लागलो, तर नाना माझ्या मागे कुत्रं सोडतील.

आठ दिवस काही नाही. भागीदार रोज सकाळी 'आलं का पत्र?' विचारायचा, तेही अशा आवाजात की पोस्टमनची वाट बघणाऱ्या नवविवाहितेचीच आठवण व्हावी. नवव्या दिवशी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. हंगामात ही माणसं झोपतात कधी, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

'तुमचं गणित पुस्तकी आहे,' अशी सुरुवात होती. माझ्या पोटात गोळा आला. पुढे: 'हवा शून्यावर कधीच नसते. अठ्ठावीस अंशांचा माल आत गेला की खोलीची हवा चार-पाचवर चढते आणि खाली यायला दोन-तीन तास घेते. तेव्हा तुमचे सात कुठले? माझ्या मते आठ-नऊ असतील. खोक्यांच्या जागा लिहून ठेवलेल्या नाहीत. शनिवारी या. सुई घेऊन या.'

मी ते तीनदा वाचलं. नानांनी मला खोडून काढलं होतं आणि खोडताना माझ्यापेक्षा मोठ्या संकटात स्वतः जाऊन उभे राहिले होते. माझा अंदाज चुकला, यानं मला इतका आनंद कधी झाला नव्हता. 'धन्यवाद' लिहिणाऱ्याला आपलं काही चुकलंय असं वाटत नसतं. 'पुस्तकी आहे' लिहिणाऱ्याला मात्र पहाटे पाचला त्या खोलीचा विचार करावा लागलेला असतो.

शनिवारी गेलो. पॅकहाऊसमध्ये बायका कात्र्या घेऊन घडातले खराब मणी छाटत होत्या, कात्र्यांचा आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा येत होता. नाना पांढरी टोपी आणि केसांची जाळी एकावर एक घालून आले. हात पुढे करत म्हणाले, "पाचवा परिच्छेद तुम्हीच ना?"

मला आजवर 'सुईवाले' म्हणत. हा हुद्दा नवा होता.

आम्ही सहा सुया लावल्या. तीन बाहेरच्या रांगेत आणि तीन बोळाच्या बाजूला, खाली, मधे, वर. बोळात ताडपत्रीखालून रांगत जावं लागलं. नानांचा सुपरवायझर म्हणाला, "इथं आजवर फक्त मांजर गेलंय." अकरा वाजता पंखा सुरू झाला. पाच वाजता, ठरल्याप्रमाणे सहा तासांनी, बाहेरची मधली सुई ४.१ म्हणत होती. नानांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे लेखात खोटं काही नव्हतं. मग बोळातल्या डब्या वाचल्या. वरची ७.९. मधली ८.३. खालची ८.६.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सुपरवायझरला म्हणाले, "कागदवाल्याचं पैसे थांबवलंय का आपण?"

"दोन महिने झालं."

"सोडा."

आणि माझ्याकडे वळून, जरा चिडूनच: "हे लेख छापायच्या आधी सांगायचं होतं."

"आधी कुठून सांगणार? छापला म्हणून तर वाचला."

हे त्यांना पटलं की नाही ठाऊक नाही. मात्र पुढच्या महिन्यात त्यांचा नवा लेख मला मेलनं आला, छापायला जाण्याआधी. वर एकच ओळ होती: 'शंका असतील त्या आत्ताच काढा.' सुयांची मागणी त्याच मेलच्या तळाशी होती, ताजा कलम म्हणून. चार नग. भागीदाराला चार कमी वाटले. मला तळाची जागा बरोबर वाटली.

हे प्रत्येक वेळी असं होत नाही, हेही सांगून टाकतो. एकदा मी चांगली शंका काढून पत्र पाठवलं आणि लेख चार वर्षांपूर्वीचा निघाला. गृहस्थांनी पॅकहाऊस विकून रिसॉर्ट काढलं होतं. त्यांनी मला हुरड्याचं आमंत्रण दिलं. कधी लेखात शंका काढण्यासारखं काही नसतंच, नुसती भाषणं असतात. अशा लेखकाला मी आता लिहीतच नाही, कारण त्याला लिहायला स्तुतीखेरीज काही उरत नाही. पूर्वी दिवसाला अकरा पत्रं जायची, आता आठवड्याला तीन जातात. भागीदार म्हणतो धंदा मंदावला. उत्तरं किती येतात ते तो मोजत नाही, कारण उत्तरं वाचायला त्याला आवडत नाहीत. त्यातल्या निम्म्यांत मला खोडून काढलेलं असतं.

त्या शनिवारची एक गोष्ट राहिली. पाचच्या आकड्यांनंतर नानांना माल शून्य अंशाच्या खोलीत गेल्यावर बोळाकडचं खोकं किती वेळानं चारावर येतं, तेही बघायचं होतं. आम्ही दोघं आत गेलो. नाना अंगभर जाड जॅकेटात होते. मी नाशिकच्या उन्हातून आलेला, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. 'पाच मिनिटांत बाहेर येऊ' म्हणून आत गेलेली माणसं शीतगृहात कधीच पाच मिनिटांत बाहेर येत नाहीत. कुणीतरी एक पॅलेट पुढे सरकवतं, मग त्यामागचं दुसरं. विसाव्या मिनिटाला मला बोटं जाणवेनाशी झाली. पंचविसाव्याला डबीवरचा आकडा वाचताना दातच आधी बोलू लागले. नाना म्हणाले, "तुमचा तो लेख वाचलाय मी. थंडी कुणाला लागते, तोच ना?"

घरी परतल्यावर आधी आल्याचा चहा घेतला आणि मग रद्दीतून स्वेटरवाल्याचा मेल शोधायला बसलो. तो मी रागानं उडवला होता. माझा लेख त्यानं खरंच वाचला असता आणि एवढंच विचारलं असतं, की मण्याचं तापमान सांगितलंत, पण सुई धरणाऱ्या माणसाचं काय, तर मी त्याच दिवशी बारा नग घेतले असते. मेल सापडला नाही. मफलर तेवढा आठवत राहिला.